उणे २,८८४ रुपये : एका रात्रीत उलटलेला तेलाचा वायदा

आजचा भाग एका तारखेबद्दल आहे. २० एप्रिल २०२०, सोमवार. लॉकडाऊन सुरू होता आणि आपण सगळे घरात होतो. त्या दिवशी मुंबईच्या एमसीएक्स या वायदे बाजारात कच्च्या तेलाचा एप्रिलचा वायदा संध्याकाळी पाच वाजता साधारण ९६५ रुपये बॅरलवर बंद झाला. दुसऱ्या दिवशी बाजाराने त्याचा अंतिम भाव जाहीर केला : उणे २,८८४ रुपये. नीट ऐका, उणे. म्हणजे तेल विकत घेतलेल्या माणसाने तेलाचे पैसे तर घालवलेच, वर प्रत्येक बॅरलमागे २,८८४ रुपये खिशातून भरायचे.

'तेल फुकट झालं' असे मीम्स तेव्हा आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केले. पण तेल काही फुकट झालं नव्हतं. त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर होता, आणि त्याच तेलाचा जूनचा वायदा अधिक २०.४३ डॉलरवर. तेल एकच, मग भाव दोन कसे? उत्तर तेलात नाही, कराराच्या कागदात आहे. म्हणून आधी तो कागद वाचू.

वायदा या शब्दाचा अर्थच मुळी वचन. अमुक तारखेला, अमुक माल, आज ठरलेल्या भावाने. मुंबईला हे नवीन नाही. बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन १८७५ साली स्थापन झाली आणि इथे कापसाचे वायदे होऊ लागले. हार्बर लाईनवर कॉटन ग्रीन स्टेशन लागतं ना, ते नाव त्याच कापूस बाजाराचं. पण नुसत्या वचनात एक जुनी गोची असते. भाव फार फिरला की ज्याचं नुकसान होतंय तो फिरकतच नाही. यावर बाजारांनी दोन उपाय काढले. एक, प्रत्येक करार अगदी सारखा करायचा, म्हणजे माप ठरलेलं, दर्जा ठरलेला, तारीख ठरलेली. दोन, हिशेब शेवटच्या दिवसापर्यंत साठवायचा नाही, रोजच्या रोज चुकता करायचा.

आधी माप. एमसीएक्सवर कच्च्या तेलाचा एक लॉट १०० बॅरलचा. एका बॅरलमध्ये साधारण १५९ लिटर, म्हणजे एका लॉटमध्ये जवळपास १५,९०० लिटर. हायवेवर दिसणारा एक टँकर समजा. स्क्रीनवर मात्र भाव एका बॅरलचा दिसतो, आणि नवख्या माणसाची गल्लत इथेच होते. भाव एक रुपया हलला की तुमचे शंभर रुपये हललेले असतात. आता १० बॅरलचा मिनी वायदाही मिळतो, पण आपल्या गोष्टीतला लॉट शंभराचा आहे. न्यूयॉर्कच्या नायमेक्स बाजारात तर एक करार १,००० बॅरलचा.

आता रोजचा हिशेब, ज्याला मार्क टू मार्केट म्हणतात, ब्रोकरांच्या भाषेत एमटूएम. समजा तुम्ही १,५०० च्या भावाने एक लॉट घेतला. आकडे मी सोयीसाठी गोल घेतोय. मालाची किंमत झाली दीड लाख, पण दीड लाख कोणी मागत नाही. मार्जिन म्हणून समजा ३०,००० रुपये ठेवून घेतात. ही मालाची उचल नव्हे बरं का. तुम्ही पळून जाऊ नये म्हणून ठेवलेलं हे डिपॉझिट आहे.

पहिल्या दिवशी बाजार १,४५० वर बंद झाला. पन्नास रुपये गुणिले शंभर, ५,००० रुपये त्याच हिशेबात तुमच्या खात्यातून गेले. गेले म्हणजे कागदावर नव्हे, खरेच गेले, आणि ज्याने विकलं होतं त्याच्याकडे पोचले. दुसऱ्या दिवशी भाव १,५२०. आता मोजायचं १,५०० पासून नाही, कालच्या १,४५० पासून. सत्तर गुणिले शंभर, ७,००० आले. तिसऱ्या दिवशी १,४००. एकशेवीस गुणिले शंभर, १२,००० गेले. तिन्ही दिवसांची बेरीज करा : उणे १०,०००. आणि १,५०० वजा १,४०० गुणिले शंभर केलं तरी तेच येतं. म्हणजे तुमचा सौदा रोज बाजार बंद झाल्यावर त्या दिवसाच्या भावाने पुन्हा नव्याने लिहिला जातो, फक्त फरक इकडून तिकडे जातो. मार्जिनमध्ये २०,००० उरले की ब्रोकरचा मेसेज येतो, पैसे भरा. नाही भरले तर तो तुमचा सौदा कापून टाकतो.

ही पद्धत हुशारीची आहे, कारण कोणाचंही नुकसान एका दिवसाहून जास्त साठत नाही. पण तिच्या पोटात एक गृहीतक दडलेलं आहे : एका दिवसात भाव मार्जिनच्या पलीकडे उडी मारणार नाही, आणि मारायला लागला तर सौदा कापायला बाजार उघडा असेल. २० एप्रिलला ही दोन्ही गृहीतकं एकदम कोसळली.

ते कसं, हे कळायला एक्स्पायरी बघावी लागेल. नायमेक्सचा मे वायदा २१ एप्रिलला संपणार होता. तो संपताना ज्याच्याकडे खरेदी उभी असेल, त्याला अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, कुशिंग नावाच्या छोट्या गावी, खरंखुरं तेल ताब्यात घ्यावं लागतं. पाइपलाइनमधून, एका करारामागे १,००० बॅरल. एरवी कुशिंगच्या टाक्यांमध्ये जागा मिळते. पण कोविडमुळे गाड्या आणि विमानं थांबली, तेल खपेना आणि टाक्या भरत चालल्या. जी जागा रिकामी दिसत होती तीही आधीच कोणीतरी भाड्याने घेतलेली. ज्यांनी नुसता भाव वाढेल म्हणून वायदा घेतला होता त्यांच्याकडे ना टाकी, ना रिफायनरी. त्यांना बाहेर पडणं भाग होतं, आणि समोर घेणारा कोणी नव्हता. मग 'मी तुला पैसे देतो, पण हे घे' अशी वेळ आली. जूनच्या वायद्याला ही घाई नव्हती, टाकी शोधायला अजून महिना होता. दोन भावांमधला फरक हा त्या महिन्याचा आणि टाकीतल्या जागेचा होता.

आता मुंबईत परत या. एमसीएक्सवर तेल कोणी घरी नेत नाही, सगळा हिशेब पैशात होतो. मग शेवटचा भाव कोणता? इथल्या शेवटच्या सौद्याचा? नाही. करारातच लिहिलेलं होतं की एक्स्पायरीच्या दिवशी नायमेक्सवर जो सेटलमेंट भाव ठरेल तो, रिझर्व्ह बँकेच्या डॉलरच्या संदर्भ दराने रुपयात बदलून. आपला वायदा संपत होता २० एप्रिललाच. आणि नायमेक्सचा भाव ठरतो तिथल्या दुपारी २:२८ ते २:३० या दोन मिनिटांत. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे बारा वाजायला आलेले असतात.

लॉकडाऊनमुळे मार्चच्या शेवटापासून एमसीएक्सचे तास कापून बाजार संध्याकाळी पाचलाच बंद केला जात होता. आपल्याकडे पाच म्हणजे न्यूयॉर्कला सकाळचे साडेसात. भाव ठरायला अजून सात तास बाकी, आणि ते सात तास इथला खरेदीदार स्क्रीनकडे नुसता बघत बसलेला. हातात सौदा आहे, पण कापायची सोय नाही.

त्या रात्री एमसीएक्सने आधी तात्पुरता भाव लावला, १ रुपया. समजा एखाद्याचा एक लॉट होता, आणि आपण पाच वाजताच्या ९६५ पासून मोजतोय. ९६४ गुणिले शंभर, ९६,४०० रुपये गेले. इथवर निदान समजण्यासारखं होतं, मालाची जेवढी किंमत तेवढं सगळं बुडालं. दुसऱ्या दिवशी अंतिम भाव आला उणे २,८८४. १ पासून तिथवर आणखी २,८८५ रुपये, गुणिले शंभर, २,८८,५०० रुपये. एकूण ३,८४,९०० रुपये, तेही एका लॉटमागे. ज्या मालाची किंमत संध्याकाळी लाखाच्या आत होती, त्यावर जवळजवळ चौपट नुकसान.

आणि हे पैसे हवेत विरले नाहीत. ज्याने तो लॉट विकून ठेवला होता त्याला तेच ३,८४,९०० मिळाले. हे पैसे क्लिअरिंग कॉर्पोरेशनमार्फत वसूल होतात, आणि तिथे आधी जबाबदार असतो ब्रोकर. ग्राहकाचं खातं रिकामं झालं, त्याने फोन उचलणं बंद केलं, तरी ब्रोकरला भरावंच लागतं. त्यामुळे काही ब्रोकर थेट मुंबई हायकोर्टात गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं : बाजार बंद असताना जो भाव पडला तो आमच्या माथी कसा मारता? दुसऱ्या बाजूचंही म्हणणं तितकंच साधं. करारात नायमेक्सचा भाव लिहिलाय, आणि विकणाऱ्यांनीही त्याच कागदावर विश्वास ठेवून सौदा केला होता. १ रुपयावर हिशेब मिटवला असता तर त्यांचे पैसे कोणी द्यायचे?

मला इथे एक गोष्ट नेहमी वाटते. 'तास कापले म्हणून घात झाला' हे अर्धंच खरं आहे. एरवी त्या दिवसांत एमसीएक्स रात्री साडेअकरापर्यंत चालतं, आणि न्यूयॉर्कला भाव शून्याच्या खाली गेला तो दोन वाजून आठ मिनिटांनी, म्हणजे आपल्या ११:३८ ला. पूर्ण वेळ बाजार चालला असता तरी उणे भाव इथे कोणाला प्रत्यक्ष दिसलाच नसता. फरक इतकाच, की संध्याकाळभर भाव घसरताना बघून नुकसान सोसून का होईना, बाहेर पडता आलं असतं. ज्याने साडेअकरापर्यंतही सौदा कापला नसता त्याला उणे २,८८४ चुकला नसताच.

धोक्याची खूण मात्र आधीपासून समोर होती. शुक्रवारी, १७ एप्रिलला, मे वायदा १८.२७ डॉलरवर बंद झाला आणि जूनचा त्याच्या बराच वर. संपत आलेला महिना पुढच्या महिन्यापासून असा तुटून खाली पडू लागला, की समजावं माल ठेवायला जागा नाही. आणि ऑफिशियल खूणही होती. नायमेक्स ज्या सीएमई समूहाचा भाग आहे, त्याने एप्रिलमध्येच कळवलं होतं की आपली सिस्टीम उणे भाव हाताळू शकते.

२३ एप्रिलपासून एमसीएक्सचे रात्रीचे तास परत सुरू झाले. एप्रिलचा वायदा संपून तेव्हा तीन दिवस झाले होते.