बाथरूमचं पाणी खालच्यांच्या छतातून उतरलं. घरमालकाला काय सांगायचं आणि खर्च कसा वाटून घ्यायचा?

सकाळी नळाला पाणी नव्हतं. नळ उघडून बघितला आणि तसाच राहिला. तुम्ही ऑफिसला गेलात, दुपारी पाणी आलं, बादली भरून वाहायला लागली. नहाणीच्या जाळीत केस अडकलेले, त्यामुळे पाणी ओसरलंच नाही. उंबरा ओलांडून ते बेडरूममध्ये गेलं आणि संध्याकाळी खालच्या काकू दारात उभ्या, "आमच्या छतातून पाणी गळतंय."

भाड्याच्या घरात हे घडलं की बरेच जण खालच्यांशी परस्पर मिटवायला बघतात. मालकाला कळलं तर डिपॉझिट जाईल, ही भीती असते. पण इथे गप्प बसणं महागात पडतं. ते का, हे आधी समजून घेऊ.

मालकाला लगेच का सांगायचं?

सोसायटीच्या दृष्टीने सदस्य म्हणजे फ्लॅटचा मालक. खालच्यांनी तक्रार केली तर पत्र त्याच्या नावाने निघतं. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती ही सोसायटीची जबाबदारी आहे. फ्लॅटच्या आतून होणारी गळती सदस्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. म्हणजे मालकाला ही गोष्ट कधीतरी कळणारच. ती आधी तुमच्याकडून कळली तर बोलणं खर्चावर होतं. सोसायटीच्या पत्रातून कळली तर "मला सांगितलं का नाही?" यावर होतं.

त्या संध्याकाळी काय करायचं?

नळ बंद करा, जाळी साफ करा, पाणी पुसून काढा. मग खाली जा. छताच्या ओल्या भागात पंखा किंवा दिवा असेल तर त्यांना त्या खोलीची वीज मेन बोर्डावरून बंद करायला सांगा. पीओपीचं छत फुगलं असेल तर त्याखाली कुणी उभं राहू नये. त्यात पाणी साचलेलं असू शकतं आणि तुकडा खाली येऊ शकतो.

खालच्यांना विचारून फोटो काढा. डाग कुठे आहेत, किती मोठे आहेत आणि त्यांना तपकिरी कडा आहेत का, हे फोटोत दिसू द्या. मग पेन्सिलने डागाच्या कडेने रेघ मारून तारीख लिहा. ही रेघ पुढे फार कामाला येते.

चूक नळाची की बाथरूमची?

खर्च कुणी किती उचलायचा, हे या प्रश्नावर ठरतं. बाथरूमच्या फरशीखाली वॉटरप्रूफिंग असतं, बेडरूमच्या फरशीखाली सहसा नसतं. त्यामुळे उंबरा ओलांडून गेलेलं पाणी बेडरूमखालच्या छतात उतरलं, तर कारण उघड आहे: नळ उघडा राहिला. पण बाथरूमच्या बरोबर खालीही डाग असेल, तर नहाणी ट्रॅपचा सांधा किंवा वॉटरप्रूफिंग आधीपासूनच कमकुवत असण्याची शक्यता आहे. ते जपणं घराच्या मालकाकडे येतं.

ओळखायच्या तीन खुणा आहेत. डागाला एकात एक तपकिरी कडा असतील, तर तिथे आधीही पाणी आलेलं असतं. घरातलं पाणी पुसून काढल्यावर चार-पाच दिवसांनीही डाग पेन्सिलच्या रेघेबाहेर वाढत असेल, तर गळती अजून चालू आहे. आणि शंका राहिलीच तर प्लंबर नहाणी बंद करून बाथरूममध्ये इंचभर पाणी चोवीस तास साठवून बघतो. खाली ओल वाढली तर फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय. साठवताना वाढली नाही, पण पाणी सोडल्यावर वाढली, तर ट्रॅप किंवा पाइपचा सांधा गळतोय. ही चाचणी मालक आणि खालचे दोघांना विचारूनच करा.

एक मर्यादा लक्षात ठेवा. पाणी स्लॅबमधून आडवंही सरकतं, त्यामुळे नुसत्या डागाच्या जागेवरून निकाल लावू नका.

मेसेज कसा लिहायचा?

आधी फोन करा, मग तेच लिहून पाठवा. "सगळी चूक माझी, सगळं मी भरतो" असं पहिल्याच दिवशी लिहू नका, कारण ट्रॅप गळका निघाला तर त्याचंही बिल तुमच्याच नावावर येईल. "बाथरूमच जुनं आहे" असंही लिहू नका. जे घडलं ते, आणि जे अजून तपासायचंय ते, वेगवेगळं ठेवा:

"नमस्कार काका. फोनवर बोललो तसं, आज सकाळी माझ्याकडून बाथरूमचा नळ उघडा राहिला आणि पाणी बेडरूमपर्यंत गेलं. खालच्या काकूंकडे बेडरूमच्या आणि बाथरूमच्या छताला ओल आली आहे. फोटो पाठवतोय. पाणी काढलंय, जाळी साफ केलीय. बेडरूमखालच्या छताचा खर्च मी देतो. बाथरूमखालच्या डागाला जुन्या कडा दिसतात, म्हणून तिथे प्लंबरला दाखवू या. तो खर्च निम्मा-निम्मा करावा असं मला वाटतं. ट्रॅपचं काम निघालं तर ते तुमच्याकडे राहील. रविवारी प्लंबरला बोलावू का? तेवढं कळवा."

आकड्यांत बघू

समजा, अंदाज असा आला: बेडरूमखालचं छत ९,००० रुपये, बाथरूमखालचं छत ५,००० आणि ट्रॅपचा सांधा ३,०००. एकूण १७,०००. वरच्या प्रस्तावानुसार तुमच्याकडे ९,००० अधिक २,५०० म्हणजे ११,५०० येतात, मालकाकडे ५,५००. डाग ताजा असेल आणि ट्रॅप ठणठणीत निघाला, तर प्रामाणिक हिशेब वेगळा होतो: छताचे १४,००० तुमचेच. याउलट डाग वाढतच राहिला, तर बाथरूमखालच्या कामात मालकाचा वाटा निम्म्याहून जास्त असावा, असं तुम्ही म्हणू शकता.

हे वाटप कायद्याने ठरलेलं नाही, ते बोलून ठरतं. त्याआधी तुमचा लिव्ह अँड लायसन्स करार वाचा. किरकोळ दुरुस्ती आणि भाडेकरूकडून झालेलं नुकसान याबद्दल त्यात कलम असेल, तर बोलणी तिथूनच सुरू होतील.

खालच्यांचा घराचा विमा आहे का, हेही विचारा. 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत टाक्या आणि पाइप फुटून किंवा भरून वाहून झालेलं नुकसान येतं. दावा करायचा असेल तर दुरुस्तीआधी कंपनीला कळवावं लागतं.

रंगाची घाई नको

आधी गळती बंद, मग छत कोरडं, मग रंग. ओल्या छताला रंग दिला तर तो पोपडे धरतो आणि तेच भांडण पुन्हा सुरू होतं. वाळायला काही आठवडे लागू शकतात. वाळलं का हे बघायला फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने छताला लावा. दुसऱ्या दिवशी आतून दव दिसलं तर अजून थांबा.

पैसे देताना रोख टाळा, यूपीआयने द्या आणि नोंदीत कारण लिहा. काम झाल्यावर खालच्यांकडून "या घटनेची दुरुस्ती पूर्ण झाली, आता काही बाकी नाही" एवढं लिहून घ्या. मालकाकडूनही "हा हिशेब मिटला, डिपॉझिटमधून याचे पैसे कापले जाणार नाहीत" असा मेसेज मागा. घर सोडताना हाच मेसेज उपयोगी पडतो.