‘युनिकॉर्न’ आणि मूल्यांकन : स्टार्टअपच्या बातम्यांतील अब्जावधी डॉलरचे आकडे येतात कोठून?

बेंगळुरू : एखाद्या स्टार्टअपचे मूल्यांकन एक अब्ज डॉलरवर, म्हणजे शंभर कोटी डॉलरवर गेले की तिला ‘युनिकॉर्न’ म्हटले जाते. हा कायद्याने दिलेला दर्जा नाही. कोणतेही सरकारी कार्यालय त्याचे प्रमाणपत्र देत नाही. अमेरिकेतील गुंतवणूकदार आयलीन ली यांनी नोव्हेंबर २०१३ मध्ये लिहिलेल्या एका लेखात हा शब्द प्रथम या अर्थाने वापरला. अशा कंपन्या एकशिंगी काल्पनिक घोड्याइतक्या दुर्मीळ आहेत, असे त्यांना सुचवायचे होते. त्या वेळी त्यांच्या यादीत ३९ कंपन्या होत्या. भारतात अशा अनेक कंपन्यांचे मुख्यालय बेंगळुरूमध्ये आहे.

‘कंपनीचे मूल्यांकन अमुक अब्ज डॉलर’ असे वाचल्यावर तेवढी रक्कम कंपनीकडे आहे किंवा तेवढ्याला कोणी ती विकत घेतली आहे, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात हा आकडा एका छोट्या व्यवहारावरून केलेला गुणाकार असतो.

आकडा कसा तयार होतो?

एका काल्पनिक कंपनीचे ९० लाख समभाग आहेत, असे समजू. नवा गुंतवणूकदार प्रत्येकी १,००० रुपये दराने १० लाख नवे समभाग घेतो आणि कंपनीला १०० कोटी रुपये देतो. आता एकूण समभाग एक कोटी झाले. या सर्वांना १,००० रुपयांचाच दर लावला की कंपनीचे मूल्यांकन १,००० कोटी रुपये होते. हे गुंतवणुकीनंतरचे मूल्यांकन होय. त्यातून नव्याने आलेले १०० कोटी वजा केले की गुंतवणुकीपूर्वीचे मूल्यांकन ९०० कोटी रुपये निघते. कंपनीकडे आलेली रक्कम मात्र १०० कोटीच आहे. उरलेल्या ९० लाख समभागांचा त्या दिवशी कोणताही व्यवहार झालेला नाही.

हे आकडे वृत्तपत्रांपर्यंत मुख्यतः तीन मार्गांनी पोहोचतात. कंपनी किंवा गुंतवणूकदार स्वतः ते जाहीर करतात. व्यवहाराशी संबंधित व्यक्ती नाव न सांगता ते पुरवतात. किंवा कंपनीने कंपनी निबंधकांकडे दाखल केलेल्या समभाग वाटपाच्या विवरणपत्रावरून पत्रकार व विश्लेषक ते काढतात. ‘पीएएस-३’ या नमुन्यातील त्या विवरणपत्रात किती समभाग कोणत्या दराने दिले, याची नोंद असते. तिसरा मार्ग कागदपत्रांवर आधारलेला असल्याने त्याची पडताळणी करता येते.

स्विगीचे बदलते आकडे

बेंगळुरूमधील स्विगी ही खाद्यपदार्थ घरपोच देणारी कंपनी २०१४ मध्ये सुरू झाली आणि २०१८ मध्ये युनिकॉर्न ठरली. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील इन्व्हेस्को या निधी व्यवस्थापन कंपनीच्या पुढाकाराने तिने ७० कोटी डॉलर उभारले आणि तिचे मूल्यांकन १०.७ अब्ज डॉलर सांगितले गेले. म्हणजे सुमारे साडेसहा टक्के हिश्शासाठी दिलेल्या दरावरून संपूर्ण कंपनीची किंमत मांडली गेली.

त्यानंतर सुमारे एका वर्षाने इन्व्हेस्कोच्याच हिशेबात हे मूल्यांकन ५.५ अब्ज डॉलरवर आले. या काळात कोणी स्विगीचे समभाग त्या दराने विकले, असे नव्हते. अमेरिकेतील म्युच्युअल फंडांना आपल्याकडील प्रत्येक गुंतवणुकीचे वाजवी मूल्य ठरावीक काळाने नियामकाला कळवावे लागते. समभाग बाजारात सूचिबद्ध नसेल, तर शेअर बाजारातील तत्सम कंपन्यांचे भाव, कंपनीची विक्री आणि व्याजदर यांवरून फंड स्वतः अंदाज बांधतो. २०२२ मध्ये जगभर तंत्रज्ञान कंपन्यांचे भाव कोसळले होते. त्याचे प्रतिबिंब या अंदाजात उमटले. पुढे भाव सावरल्यावर इन्व्हेस्कोने स्विगीचे मूल्य पुन्हा वाढवलेही. एकाच दिवशी दोन फंड एकाच कंपनीचे वेगवेगळे मूल्य धरू शकतात आणि दोन्ही नियमाला धरून असू शकतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये स्विगीने प्राथमिक समभाग विक्री केली. प्रत्येकी ३९० रुपये दराने कंपनीचे मूल्य सुमारे ८७ हजार कोटी रुपये, म्हणजे २०२२ मधील आकड्याच्या आसपास, ठरले. १३ नोव्हेंबर रोजी समभाग सूचिबद्ध झाल्यापासून त्याचा भाव रोजच्या खरेदी-विक्रीतून ठरू लागला. २०२५ च्या पूर्वार्धात तो विक्रीच्या दराखाली गेला. सूचिबद्ध कंपनीच्या बाजारमूल्यातही चढउतार होतात. मात्र त्या भावाला समभाग विकणे शक्य असते. खासगी कंपनीच्या मूल्यांकनाबाबत तशी खात्री नसते.

सर्व समभाग सारखे नसतात

या गुणाकारात आणखी एक त्रुटी आहे. मोठे गुंतवणूकदार सहसा प्राधान्य समभाग घेतात. कंपनी विकली गेल्यास आपली मूळ रक्कम आधी परत मिळावी, अशी अट त्यांच्या करारात असते. वरील उदाहरणातील कंपनी पुढे ३०० कोटींना विकली गेली, तर असा गुंतवणूकदार आपले १०० कोटी प्रथम घेईल. उरलेले २०० कोटी ९० लाख समभागांत वाटले जातील आणि संस्थापक व कर्मचाऱ्यांच्या वाट्याला प्रत्येक समभागामागे सुमारे २२२ रुपये येतील. गुंतवणूकदाराने १,००० रुपये दिले ते या संरक्षणासह. तोच दर संरक्षण नसलेल्या समभागांना लावल्यास मूल्यांकन फुगते. विल गॉर्नल आणि इल्या स्ट्रेबुलाएव्ह या अभ्यासकांनी अमेरिकेतील १३५ युनिकॉर्न कंपन्यांच्या अटी तपासल्या, तेव्हा जाहीर मूल्यांकन वाजवी मूल्यापेक्षा सरासरी ४८ टक्क्यांनी जास्त आढळले.

याची सर्वाधिक झळ वेतनाचा काही भाग समभागांच्या रूपाने स्वीकारणाऱ्या कर्मचाऱ्यांना बसू शकते. भारतात असे समभाग हाती घेताना, ते विकण्यापूर्वीच, त्या दिवशीच्या मूल्यावर साधारणपणे प्राप्तिकर लागू होतो. पात्र स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना तो पुढे ढकलण्याची सवलत आहे. पुढे मूल्य घसरले, तरी कराची आकारणी आधीच्या मूल्यावरच झालेली असते.

मूल्यांकन किती घसरू शकते, याचे उदाहरणही बेंगळुरूतच आहे. शिक्षण क्षेत्रातील बायजूजचे मूल्यांकन २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर सांगितले जात होते. तिच्या प्रमुख गुंतवणूकदारांपैकी एक असलेल्या प्रोसस या कंपनीने आपल्या हिश्शाचे मूल्य टप्प्याटप्प्याने कमी केले आणि जून २०२४ मध्ये ते शून्य धरले. पुढील महिन्यात राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या बेंगळुरू पीठाने बायजूजच्या मूळ कंपनीविरुद्ध दिवाळखोरी प्रक्रियेची याचिका दाखल करून घेतली.

त्यामुळे मूल्यांकनाची बातमी वाचताना हा आकडा कोणत्या तारखेचा आहे, तो कोणी दिला, त्यामागे प्रत्यक्ष व्यवहार झाला की केवळ हिशेबातील अंदाज आहे आणि व्यवहार झाला असल्यास किती हिश्शाचा झाला, एवढे पाहणे आवश्यक ठरते. विक्री, नफा-तोटा आणि शिल्लक रोकड यांची माहिती कंपनीच्या लेखापरीक्षित ताळेबंदातून मिळते. ‘युनिकॉर्न’ या बिरुदातून ती मिळत नाही.