संविधान तक्त्याचा मागोवा

अंबडमधल्या शाळेच्या जुन्या शिक्षकाला ‘संविधान तक्ता’ समजावून सांगावा लागत नाही. बी.एड.ला असताना घटक चाचणीसोबत तो जोडावाच लागे. डावीकडे घटक, वर उद्दिष्टे, प्रत्येक चौकटीत गुण आणि शेवटी बेरीज. आता परिचर्येच्या प्रश्नपत्रिकेलाही तोच तक्ता लागतो, आणि तिथे त्याला सर्रास ब्लूप्रिंट म्हणतात. शाळेतून तो परिचर्येत आला खरा, पण त्याचा उगम आणखी मागे आहे.

1930च्या दशकात अमेरिकेत ‘आठ वर्षांचा अभ्यास’ नावाचा मोठा शैक्षणिक प्रयोग झाला. त्याच्या मूल्यमापनाची जबाबदारी राल्फ टायलर यांच्याकडे होती. परीक्षा काढण्याआधी दोन गोष्टी ठरवा, असा त्यांचा आग्रह होता: विद्यार्थ्याने काय शिकायचे, आणि त्या ज्ञानाने त्याला काय करता यायला हवे. या दोन बाजू आडव्या-उभ्या मांडल्या की तक्ता तयार होतो. टायलर यांच्या हाताखाली घडलेले बेंजामिन ब्लूम पुढे शिकागो विद्यापीठात परीक्षक झाले. 1948 मध्ये बोस्टनला महाविद्यालयीन परीक्षकांची बैठक भरली. एकमेकांचे प्रश्न वापरायचे तर ते कोणत्या पातळीचे आहेत हे सांगणारी सामाईक भाषा हवी, ही त्यांची गरज होती. त्यातून 1956 मध्ये ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण आणि मूल्यमापन ही उतरंड पुस्तकरूपाने आली.

1957 मध्ये ब्लूम भारतात आले आणि त्यांनी माध्यमिक शिक्षणातल्या लोकांच्या कार्यशाळा घेतल्या. पुढच्याच वर्षी केंद्रीय परीक्षा कक्ष निघाला आणि त्याचे काम नंतर 1961 मध्ये स्थापन झालेल्या एनसीईआरटीकडे गेले. तक्ता शाळांत रुजला तो या वाटेने. परिचर्येची पदवी परीक्षा महाराष्ट्रात नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. ते विद्यापीठ 1998 मध्ये सुरू झाले. भारतीय परिचर्या परिषदेचा 2021चा बी.एस्सी. अभ्यासक्रम सत्र पद्धतीचा आहे आणि त्यात प्रत्येक घटकाला तास नेमून दिलेले आहेत. त्यामुळे तासांच्या प्रमाणात गुण वाटणे ही सर्वांत सोपी सवय झाली.

हीच सवय परिचर्येत अपुरी पडते. प्रसूतिशास्त्राचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शिकवण्याचे तास 60, पेपर 75 गुणांचा. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाला 4 तास मिळाले, तर तासांच्या हिशोबाने त्याचा वाटा 5 गुण होतो. एवढ्या गुणांत एक टीप मावते, आणि तो भाग वगळूनही विद्यार्थिनी पास होते. म्हणून वैद्यकीय परीक्षांत दुसरी मोजणी वापरतात. चूक झाली तर परिणाम किती गंभीर, याला 1 ते 3 अंक द्यायचे. प्रसंग किती वेळा येतो, यालाही 1 ते 3. आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. रक्तस्रावाला गांभीर्य 3 आणि वारंवारता 2 दिली, की 6 येतात. सगळ्या घटकांच्या गुणाकारांची बेरीज 30 झाली, तर 75 पैकी 15 गुण या घटकाचे. आधीच्या तिप्पट. अमेरिकेतील परिचर्या परवाना परीक्षा तर दर तीन वर्षांनी नव्याने कामाला लागलेल्या परिचारिका प्रत्यक्षात काय करतात याची पाहणी करते आणि त्यावर घटकांचे भारांश ठरवते. आपल्याकडे हे अंक शिक्षकांच्या अंदाजावर पडतात. म्हणून ते एकाने न ठरवता लेबर रूममध्ये काम करणाऱ्या सिस्टरांसह दोन-तीन जणांनी वेगवेगळे देऊन मग जुळवलेले बरे.

पातळीची फसगत वेगळी. तक्त्यात 10 गुण ‘उपयोजन’ लिहिले आणि प्रश्न मात्र ‘रक्तस्रावाची व्याख्या लिहून कारणे व उपचार सांगा’ असा निघाला, तर चौकट भरते आणि तपासली जाते फक्त आठवण. त्याऐवजी असे विचारता येईल: ‘प्रसूतीला अर्धा तास झाला आहे. पॅड पंधरा मिनिटांत भिजले, गर्भाशय हाताला मऊ लागते, नाडी जलद आहे. तुम्ही आधी काय कराल, कोणत्या क्रमाने, आणि का?’ इथे गर्भाशयाचा टोन गेला आहे हे ओळखणे, मदतीला हाक मारणे, गर्भाशय चोळणे, ऑक्सिटोसिन, मूत्राशय रिकामे आहे का पाहणे या कृतींचा क्रम लावावा लागतो. अर्थात हीच केस वर्गात शब्दशः सोडवून घेतली असेल, तर हाही प्रश्न पुन्हा पाठांतराचा होतो. पातळी प्रश्नाच्या शब्दांत पूर्ण सापडत नाही. काय शिकवले होते तेही पाहावे लागते.

याची तपासणी साधी आहे. पेपर तयार झाला की त्याच विषयाच्या दुसऱ्या शिक्षकाला फक्त प्रश्न द्यायचे आणि कोरा तक्ता भरायला सांगायचे. पहिल्या तक्त्याशी तो जुळला, तर आराखडा पेपरमध्ये उतरला. उपयोजनाच्या चौकटीतले गुण ज्ञानाच्या चौकटीत सरकलेले दिसले, तर पेपर अजून बदलायला हवा. तेही प्रश्न छपाईला जाण्याआधी, निकाल लागल्यावर नव्हे.