पहिल्या प्रेमाची स्मृती

पहिल्या प्रेमाची स्मृती म्हणजे किशोरवयात किंवा तारुण्याच्या आरंभी अनुभवलेल्या प्रेमाची दीर्घकाळ टिकून राहणारी आठवण होय. मानसशास्त्रात तिचा विचार आत्मचरित्रात्मक स्मृतीच्या अंतर्गत केला जातो. ही आठवण इतकी का टिकते आणि टिकताना ती मूळ अनुभवाशी कितपत जुळती राहते, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. आठवण ठळक असणे हा ती अचूक असल्याचा पुरावा ठरत नाही.

ठसा उमटण्याची कारणे

चाळिशी ओलांडलेल्या व्यक्तींना एकेक शब्द देऊन त्यावरून सुचलेला प्रसंग आणि त्या वेळचे वय नोंदवण्यास सांगितले जाते. अशा नोंदींत अलीकडच्या काळातील आठवणी पुष्कळ असतात. मागे जाताना त्यांची संख्या घटत जाते, परंतु साधारण दहा ते तीस या वयोगटाशी ती पुन्हा वाढलेली आढळते. डेव्हिड रुबिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये अनेक अभ्यासांच्या आधारे ही वाढ दाखवून दिली. तिला ‘स्मृती-उभार’ म्हणता येईल.

पहिले प्रेम बहुधा याच वयात घडते. त्या अनुभवाला तुलनेसाठी आधीचा नमुना नसतो, त्यामुळे त्याचे बारीकसारीक तपशील लक्षपूर्वक टिपले जातात. नंतरचे अनुभव मात्र त्याच साच्यात बसतात व एकमेकांत मिसळतात. तीव्र भावनेच्या वेळी स्रवणारी तणाव-संप्रेरके मेंदूतील अमिग्डला या भागामार्फत स्मृती दृढ करतात. शिवाय ‘मी कोण’ याची घडण याच काळात होत असल्याने हा प्रसंग स्वतःच्या जीवनकथेचा भाग बनतो आणि मनात वारंवार उजळला जातो.

स्मरणरंजनाचा रंग

गतकाळाच्या सुखद-हुरहुरत्या स्मरणाला मराठीत स्मरणरंजन म्हणतात. ‘नॉस्टॅल्जिया’ हा त्याचा पाश्चात्त्य पर्याय योहानेस होफर याने १६८८ मध्ये बाझेल येथील आपल्या प्रबंधात घडवला. त्या वेळी तो मायदेशाच्या ओढीने जडणाऱ्या व्याधीचे नाव होता.

आठवण साठवलेल्या छायाचित्रासारखी बाहेर काढली जात नाही. प्रत्येक स्मरणात ती सध्याच्या समजुती व गरजांनुसार नव्याने जुळवली जाते. सामान्यतः अप्रिय प्रसंगांशी निगडित भावना प्रिय भावनांपेक्षा लवकर ओसरतात. त्यामुळे वाट पाहण्यातील कंटाळा, गैरसमज व अपमान फिके पडतात आणि एखादी संध्याकाळ, पत्र किंवा गाणे शिल्लक राहते.

हा फरक ओळखण्याचा मार्ग म्हणजे त्या काळातील लेखी नोंद आणि आजची आठवण यांची तुलना. टेरेन्स मिचेल व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅलिफोर्नियातील सायकल-सहलीला गेलेल्या विद्यार्थ्यांची मते सहलीपूर्वी, सहलीत आणि नंतर नोंदवली. प्रत्यक्ष सहलीतील नोंदींपेक्षा नंतरची आठवण अधिक अनुकूल ठरली. हा अभ्यास प्रेमाचा नव्हे. मात्र पहिल्या प्रेमाच्या बाबतीतही जुनी पत्रे व रोजनिशी अशाच पडताळणीसाठी उपयोगी पडतात.

साहित्यातील उदाहरण

इव्हान तुर्गेनेव्ह यांची ‘पहिले प्रेम’ ही दीर्घकथा (१८६०) या प्रक्रियेचे बोलके उदाहरण आहे. तिचा निवेदक व्लादिमीर सुमारे चाळीस वर्षांचा आहे. मित्र त्याला पहिल्या प्रेमाची गोष्ट सांगण्याचा आग्रह करतात, तेव्हा तो ती तोंडी न सांगता लिहून आणतो. म्हणजे वाचकाला मिळते ती १८३३ मधील उन्हाळ्याची निवडून, जुळवून मांडलेली आठवण होय. त्या वेळी तो सोळा वर्षांचा, तर शेजारची झिनाइदा एकवीस वर्षांची होती. तिचे प्रेम आपल्या वडिलांवर आहे, हे त्याला पुढे कळते.

काही वर्षांनी ती विवाहित असून जवळच राहत असल्याचे समजल्यावर तो भेट लांबणीवर टाकत जातो. अखेर तो जातो, तेव्हा काही दिवसांपूर्वीच प्रसूतीत तिचा मृत्यू झालेला असतो. वय वाढलेली, संसारात रमलेली झिनाइदा त्याला पाहायला मिळतच नाही. त्यामुळे त्याच्या मनातील प्रतिमेत दुरुस्ती होण्याची शक्यता संपते.

मर्यादा

स्मृती-उभार केवळ प्रेमाचा नसतो. त्या वयातील गाणी, पुस्तके व सार्वजनिक घटनाही अधिक आठवतात. सर्वांचे पहिले प्रेम सुखदही नसते. फसवणूक किंवा हिंसा अनुभवलेल्या व्यक्तीची आठवण तितकीच ठळक असूनही वेदनादायक राहू शकते.

सध्याच्या जोडीदाराची पहिल्या प्रेमाशी केलेली तुलना याच कारणाने विषम ठरते. जोडीदाराची प्रतिमा रोजच्या सहवासात सतत तपासली जाते, तर दुरावलेल्या व्यक्तीची प्रतिमा बहुतांशी स्मरणकर्त्याच्याच हाती असते. त्या काळी आपल्याला काय वाटले, याविषयी अशी आठवण बरेच सांगू शकते. ती व्यक्ती प्रत्यक्षात कशी होती, याविषयी मात्र ती पुरेशी साक्ष ठरत नाही.