पाणी उकळण्याविषयीचे भाषण (आरोग्य शिबिरातील)

गावातील आरोग्य शिबिरात किंवा अंगणवाडीत आरोग्यसेविका वा आशाताई पाच-दहा मिनिटे जे बोलते, ते हे भाषण. ऐकणाऱ्या बहुधा लहान मुलांच्या आया आणि आज्या असतात. महाराष्ट्रात पावसाळ्याच्या तोंडावर ते जास्त ऐकू येते, कारण पहिल्या पावसाबरोबर उघड्यावरची घाण ओढ्या-विहिरींत उतरते आणि फुटक्या नळवाहिनीतही शिरते.

भाषणाचा गाभा सोपा आहे. मुलांना जुलाब करणारे बहुतेक जंतू माणसाच्या वा जनावराच्या विष्ठेतून पाण्यात येतात. त्यांत कॉलरा आणि आमांशाचे जिवाणू असतात, रोटाव्हायरससारखे विषाणू असतात आणि काही एकपेशीय परजीवीही असतात. पाणी सत्तर अंशांपुढे तापले की यांतले बहुतेक थोड्याच वेळात मरतात. घरात तापमापक नसतो, म्हणून खूण सांगायची ती खळखळ उकळीची. कडेला बारीक बुडबुडे दिसले म्हणजे उकळी नव्हे. मधोमध मोठे बुडबुडे फुटून सगळे पाणी हलू लागले की एक मिनिट थांबायचे. वीस मिनिटे उकळा असे जिथे अजून सांगितले जाते, तिथे सरपण वाया जाते आणि बाई दोन दिवसांत कंटाळून सोडून देते.

‘आमच्या विहिरीचं पाणी तर निवळशंख आहे,’ असे कोणीतरी म्हणतेच, आणि तो आक्षेप रास्त असतो. त्याला उत्तर म्हणून काही ठिकाणी एच-टू-एस बाटली वापरतात. या छोट्या बाटलीत औषध लावलेली कागदी पट्टी असते. एका बाटलीत घरातल्या हंड्यातले पाणी घालतात, दुसरीत तेच पाणी उकळून, निववून. बाटल्या उबदार जागी ठेवल्यावर विष्ठेबरोबर येणारे जिवाणू असतील तर एक-दोन दिवसांत पाणी काळे पडते. निकाल शिबिराच्या दिवशी मिळत नाही, म्हणून आशाताईने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच बायकांना दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून दाखवल्या, तरच प्रयोगाचा उपयोग. पाणी काळे पडले नाही म्हणून ते निर्धोक ठरत नाही, हेही तेव्हाच सांगावे लागते.

नुसत्या सांगण्याने काय होत नाही, याचे गाजलेले उदाहरण पेरू देशातले आहे. इका खोऱ्यातल्या लॉस मोलिनोस या गावी नेलिदा नावाने ओळखली जाणारी आरोग्यसेविका दोन वर्षे घरोघर फिरली. एका डॉक्टरांनी गावात जाहीर भाषणेही दिली. दोनशेच्या आसपास कुटुंबांतून पाणी उकळू लागलेल्या नव्या गृहिणी अवघ्या 11 निघाल्या. मानवशास्त्रज्ञ एडवर्ड वेलिन यांनी 1955 मध्ये याची मीमांसा प्रसिद्ध केली. तिथल्या समजुतीत उकळलेले पाणी हे आजाऱ्याचे पाणी होते, त्यामुळे धडधाकट माणसाने ते पिणे विचित्र वाटे. एका बाईचा प्रश्न तर असा की, ज्या पाण्यात माणूस बुडून मरतो त्यात जंतू कसे जगतील? त्या प्रश्नाला हात घातल्याशिवाय जंतूंची माहिती देऊन भागणार नव्हते. आपल्याकडेही ‘तान्ह्याला उकळून देतो, मोठ्या पोराला कशाला?’ हा प्रश्न येतो. त्याला उत्तर असे की मूल रांगू-चालू लागले की ते घरातले सगळ्यांचे पाणी प्यायला लागते.

भाषणाचा सर्वांत दुर्लक्षित भाग उकळीनंतरचा आहे. क्लोरीनचा अंश पाण्यात टिकून पुढेही थोडे संरक्षण देतो. उकळलेल्या पाण्यात तसे काहीच उरत नाही. हाताची बोटे बुडवलेला एक पेला पुरे होतो, सगळी मेहनत फुकट. म्हणून पाणी उकळले त्याच भांड्यात झाकून निववायचे. मग तोटीच्या किंवा अरुंद तोंडाच्या भांड्यात ठेवून लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढायचे आणि रोजचे रोज संपवायचे. सगळ्या घराचे पाणी उकळण्याइतके सरपण वा गॅस परवडत नसेल, तर निदान लहान मुलांपुरते रात्रीच्या स्वयंपाकानंतर उकळून ठेवायचे.

मर्यादा लपवल्या तर भाषणावरचा विश्वास पहिल्याच जुलाबाला उडतो. रोटाव्हायरस हातांवाटे, खेळण्यांवाटेही पसरतो, तिथे साबण आणि लस लागते. फ्लोराइड वा नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने किंचित दाट होते. सहा महिन्यांखालच्या बाळाला तर उकळलेलेही पाणी द्यायचे नसते. त्याला आईचे दूध पुरते.

तरीही जुलाब लागलेच, तर ओआरएसचे एक लिटरचे पाकीट उकळून निववलेल्या एक लिटर पाण्यात घालतात. पाकीट घातल्यावर ते पुन्हा उकळायचे नाही आणि चोवीस तासांनी उरलेले ओतून द्यायचे. सोबत सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम झिंक, जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, काहीच पिईना किंवा शौचात रक्त दिसले, तर त्याला लगेच दवाखान्यात न्यायचे.