बोल्टचा कॅटलॉग फोटो: आटे मोजता यायला हवेत

एम१० बोल्टचे दोन प्रकार बाजारात सर्रास दिसतात. एकात दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, १.५ मिमी असतं, दुसऱ्यात १.२५. फोटोत दोघे जुळे भाऊ वाटतात, पण एकाचा नट दुसऱ्यावर एक-दोन फेऱ्यांतच अडकतो.

म्हणून बोल्टशेजारी, त्याच्या मध्यरेषेइतक्या उंचीवर स्टीलची पट्टी ठेवा. फोन जरा लांब नेऊन झूम करा, कारण अगदी जवळून फोटो काढला की मापं फसतात. आता आट्यांमधली दहा अंतरं मोजा: १५ मिमी भरली तर जाड पिच, १२.५ भरली तर बारीक.

फ्लॅश मात्र नको. चकचकीत स्टील आरशासारखं वागतं आणि फ्लॅशचा पांढरा पट्टा मधल्या खाचा गिळून टाकतो. खिडकी आणि बोल्टच्या मध्ये बटर पेपर लावा, दुसऱ्या बाजूला काळा कागद उभा करा. उजेड मऊ होतो आणि प्रत्येक आट्याची कड उठून दिसते.

एडिट करताना फोटो चुकून फ्लिप झाला, तर सगळंच मुसळ केरात! बोल्ट उभा असताना नेहमीच्या आट्यांच्या रेषा उजवीकडे चढतात. त्या डावीकडे चढताना दिसल्या, तर जाणकार गिऱ्हाईक तो डाव्या आट्यांचा बोल्ट समजेल, सायकलच्या डाव्या पेडलला असतात तसे आटे असलेला.