संक्षेपलेखन : वाचनपातळी
संक्षेप करताना वाचक कोण हे आधी ठरवून त्यानुसार शब्द व तपशील निवडणे. हिवतापावरील लेख तज्ज्ञासाठी संक्षिप्त करताना ‘संक्रमित ॲनॉफिलीस मादीच्या दंशातून प्लाझमोडियमचा प्रसार’ एवढे पुरते. दहा वर्षांच्या मुलासाठी तेच लांबते : ‘एका जातीच्या डासाची मादी आजारी माणसाचे रक्त पिते. रक्तातले अतिसूक्ष्म जीव तिच्या अंगात वाढतात. काही दिवसांनी ती दुसऱ्याला चावली, की ते त्याच्या शरीरात शिरतात.’ शब्द वाढल्यामुळे परजीवीच्या अवस्था, औषधे यांना कात्री लागते, ते चालते. पण ‘डास चावला की ताप येतो’ इतके छाटले, तर विधान सरळ चुकते. ‘मग मला रोज ताप का येत नाही?’ असे मुलाने विचारले, की कारण गळले हे ओळखावे.